चीमलपाडूची झोपडी आणि जैनथचे कोठार : आगीत सापडलेले सिलिंडर का फुटते?

खम्मम जिल्ह्याच्या कारेपल्ली मंडलातील चीमलपाडू या गावी १२ एप्रिल २०२३ रोजी भारत राष्ट्र समितीचे आत्मीय संमेलन भरले होते. नेत्यांच्या स्वागतासाठी फटाके उडवले गेले. त्यांतली ठिणगी जवळच्या एका झोपडीच्या गवती छपरावर पडली आणि छप्पर पेटले. गावकरी, कार्यकर्ते आणि बंदोबस्तावरील पोलीस आग विझवण्यासाठी धावले. झोपडीत स्वयंपाकाच्या गॅसचे सिलिंडर होते. ते फुटले आणि जवळ उभी असलेली माणसे त्याच्या तडाख्यात सापडली. किमान तिघांचे प्राण गेले आणि कित्येक जण जखमी झाले. जखमींमध्ये पोलीसही होते.

फटाके का उडवले, परवानगी कोणाची होती, यावर तेव्हा पुष्कळ बोलले गेले. ती चर्चा राजकीय होती आणि तिच्या जागी योग्यही होती. मात्र आदिलाबाद जिल्ह्यातील जैनथसारख्या गावाच्या दृष्टीने तीत एक प्रश्न मागेच राहिला. छप्पर पेटले तेव्हा सिलिंडर धड होते आणि त्यातून गॅस गळत असल्याची कोणाची तक्रार नव्हती. मग ते फुटले का?

याचे उत्तर शोधण्यापूर्वी ‘सिलिंडरचा स्फोट’ या शब्दप्रयोगाचा गुंता सोडवावा लागतो. वृत्तपत्रे हा एकच शब्द दोन अगदी निराळ्या घटनांसाठी वापरतात. मुंबईच्या लालबागमधील साराभाई इमारतीत ६ डिसेंबर २०२० रोजी गॅसगळती होऊन स्फोट झाला. अशा घटनेत गॅस बाहेर पडून बंद खोलीत साचतो, हवेत मिसळतो आणि एखाद्या ठिणगीने पेटतो. भिंती कोसळतात, पण पुष्कळदा सिलिंडर मात्र ढिगाऱ्यात जसेच्या तसे सापडते. म्हणजे स्फोट खोलीचा होतो, सिलिंडरचा नव्हे. चीमलपाडूची घटना याच्या उलट आहे. तेथे आग आधी लागली आणि सिलिंडरचे पोलादी कवच नंतर फाटले. पहिल्या प्रकारात गळती थांबवणे आणि खिडक्या उघडणे हा उपाय आहे. दुसऱ्या प्रकारात त्याचा काडीचा उपयोग नाही.

घरगुती सिलिंडरची जलधारण क्षमता सुमारे ३३ लिटर असते. त्यात १४.२ किलो गॅस भरला की साधारण चार पंचमांश जागा द्रवाने व्यापते आणि वरची उरलेली जागा वाफेसाठी राहते. गॅस म्हणून आपण ज्याला ओळखतो तो प्रोपेन आणि ब्युटेनचा हा द्रव केवळ दाबामुळे द्रवरूपात राहिलेला असतो. उघड्या हवेत प्रोपेन उणे ४२ अंशांवर आणि ब्युटेन शून्य अंशाच्या जवळ उकळतो. म्हणजेच आपल्या घरातले सिलिंडर हे सतत उकळू पाहणाऱ्या द्रवाचे, घट्ट झाकलेले भांडे आहे.

आग लागल्यावर या भांड्यात दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. पहिली म्हणजे दाब वाढतो. ६५ अंश तापमानाला आतील दाब दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १७ किलोपर्यंत जाऊ शकतो. सिलिंडरची चाचणी सुमारे २५ किलो दाबाने घेतलेली असते, त्यामुळे एवढ्याने ते फुटत नाही. पुढे मात्र परिस्थिती बदलते. तापलेला द्रव फुगत जातो आणि वाफेची जागा आक्रसत जाते. द्रवाने सारे भांडे व्यापले तर त्याला फुगायला जागाच उरत नाही आणि मग प्रत्येक अंशागणिक दाब फार वेगाने चढतो. सिलिंडर काठोकाठ न भरण्याचे कारण हेच आहे. गॅस कमी दिला अशी तक्रार करणाऱ्याला ही रिकामी जागा दिसत नाही.

दुसरी गोष्ट अधिक घातक आहे. सिलिंडरच्या ज्या भागाला आतून द्रव लागलेला असतो तो भाग ज्वाळा लागूनही फारसा तापत नाही, कारण द्रव उकळताना उष्णता ओढून घेतो. चुलीवर पाणी असलेले पातेले जळत नाही, आणि तेच पाणी आटले की बूड लाल होते, हा प्रत्येक स्वयंपाकघरातला अनुभव आहे. वरच्या, वाफेच्या भागाला असे संरक्षण नसते. ज्वाळा तेथे लागली की पोलाद काही मिनिटांतच तापत जाते, आणि ६०० अंशांच्या आसपास त्याची ताकद निम्म्यावर येते. आत दाब चढलेला, बाहेर कवच मऊ झालेले. कवच त्या जागी फुगते, पातळ होते आणि उभी चीर पडून फाटते.

ती चीर हा केवळ आरंभ असतो. कवच फाटताच दाब एकाएकी उतरतो, आणि हवेच्या दाबाला ज्या तापमानावर द्रवाने कधीच उकळून जायला हवे होते त्याहून तो कितीतरी अधिक तापलेला असतो. त्यातला मोठा भाग क्षणार्धात वाफ होतो. एक लिटर द्रवापासून सुमारे अडीचशे लिटर वायू तयार होतो. हा उसळणारा वायू पोलादाचे तुकडे दूर फेकतो आणि भोवतीच्या ज्वाळांनी पेटून आगीचा गोळा बनतो. तंत्रज्ञ याला ‘ब्लेव्ही’ म्हणतात, म्हणजे उकळत्या द्रवाच्या प्रसरणाऱ्या वाफेचा स्फोट.

या गोळ्याचा आकार अंदाजता येतो. ज्वलनशील द्रवाच्या किलोंचे घनमूळ काढून त्यास ५.८ ने गुणले की गोळ्याचा व्यास मीटरमध्ये मिळतो. १४.२ चे घनमूळ सुमारे २.४ येते. म्हणजे पूर्ण भरलेल्या एका घरगुती सिलिंडरमधून सुमारे १४ मीटर व्यासाचा गोळा निघू शकतो. तो जेमतेम सेकंदभर टिकतो, परंतु त्याच्या आत सापडलेल्याला तो सेकंद पुरेसा असतो. तुकडे त्याहून कितीतरी दूर जातात. सिलिंडरचा टोकाकडील अर्धा भाग अग्निबाणासारखा शंभर मीटरपलीकडेही जाऊ शकतो. बादली घेऊन झोपडीच्या दाराशी उभा राहणारा माणूस गोळ्याच्या त्रिज्येच्याही आत असतो. चीमलपाडूतील माणसे धाडसी होती, यात शंका नाही. केवळ त्यांना ती त्रिज्या कोणी सांगितली नव्हती.

अशा प्रसंगी सुरक्षा-झडप कामास येईल, अशी समजूत जगभर महागात पडली आहे. फ्रान्समधील फेझां येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात ४ जानेवारी १९६६ रोजी प्रोपेनच्या प्रचंड गोलाकार टाकीखाली आग लागली. टाकीवरची झडप ठरल्याप्रमाणे उघडली आणि वरून गॅस सुटू लागला. झडप उघडली म्हणजे ही टाकी सुरक्षित, असे मानून पाण्याचा मारा शेजारच्या टाक्यांवर केला गेला. दीड तासाच्या सुमारास तीच टाकी फुटली आणि १८ जण दगावले. झडप दाब कमी करते, पण पोलाद थंड करू शकत नाही. उलट आतला द्रव बाहेर जात राहिल्याने कोरडा, तापणारा भाग वाढत जातो. अर्धे वापरलेले सिलिंडर भरलेल्यापेक्षा निर्धोक, हा समजही याच कारणाने फसवा ठरतो. त्यातला गोळा लहान होईल, पण कवच फाटण्याची वेळ लवकर येऊ शकते.

याउलट, शेगडीच्या नळीजवळ किंवा झडपेच्या तोंडाशी नुसती ज्योत जळत असेल आणि ती सिलिंडरच्या अंगाला लागत नसेल, तर कवच लगेच फाटत नाही. गॅस जळून संपत असतो. धोका ज्योतीच्या दिशेवर ठरतो. सिलिंडर आडवे पडून ज्योत त्याच्याच अंगावर उलटली, किंवा शेजारच्या सिलिंडरवर रोखली गेली, तर चित्र पालटते.

हे सारे जैनथला कसे लागू पडते ते पाहू. हा कापसाचा मुलूख. दसऱ्यानंतर वेचणी सुरू झाली की भावाची वाट पाहत कित्येक घरांत कापूस कोठारात, पडवीत, प्रसंगी स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून रचलेला असतो. अंगणात पऱ्हाटीचे ढीग असतात. कापूस पेटला की वरून विझल्यासारखा दिसतो आणि आतून धुमसत राहतो. त्याच्या शेजारी उभे असलेले सिलिंडर म्हणजे चीमलपाडूच्या झोपडीची पुनरावृत्ती, फक्त गवताऐवजी जळण कापसाचे. आदिलाबादहून बंब निघून गावात पोहोचेपर्यंतचा वेळ, आणि ज्वाळेत सापडलेल्या कवचाला मऊ होण्यास लागणारी काही मिनिटे, यांची तुलना केली तर बंबावर भिस्त ठेवता येत नाही हे उघड आहे. लक्ष्मीनारायण स्वामींच्या ब्रह्मोत्सवात खाद्यपदार्थांच्या दुकानांमागे ताडपत्रीखाली उभी असलेली १९ किलोची सिलिंडरे हाही त्याच प्रश्नाचा भाग आहे.

कायदा येथे फारसा आडवा येत नाही. गॅस सिलिंडर नियम, २०१६ अन्वये एकूण १०० किलोपर्यंत स्वयंपाकाचा गॅस परवान्याविना ठेवता येतो. म्हणजे सात घरगुती किंवा पाच व्यावसायिक सिलिंडरे. ही मर्यादा परवान्याची आहे, सुरक्षिततेची नव्हे, आणि दुकानदार नेमका येथेच गल्लत करतात. एकाला एक टेकवून ठेवलेल्या पाच सिलिंडरांपैकी पहिले फुटले की त्याची आग दुसऱ्याला लागते.

तेव्हा साठवणीचा विचार ‘गळू नये’ एवढ्यावर थांबत नाही. ‘आग लागली तर ज्वाळा सिलिंडरपर्यंत पोहोचू नये’ हा प्रश्न स्वतंत्र आहे. सिलिंडर जळणापासून दूर, पक्क्या भिंतीच्या बाहेरच्या बाजूस, उघड्या हवेत असावे. ते उभेच असावे, कारण आडव्या सिलिंडरच्या झडपेतून वायूऐवजी द्रव सुटतो. ते बाहेर पडण्याच्या वाटेवर नसावे, आणि तळघरात किंवा खड्ड्यात तर कधीच नसावे, कारण हा वायू हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असल्याने खाली साचून राहतो. गवती छपराच्या घरात ते छपराबाहेर, हाताने चटकन उचलता येईल असे ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय. आग नुकतीच लागली असेल आणि सिलिंडर अजून तापलेले नसेल तेव्हाच ते हलवावे. अंगावरचा रंग फोडासारखा उठू लागला, काळवंडला, किंवा कवचाला फुगीरपणा दिसू लागला, तर हलवण्याची वेळ निघून गेली. मग भिंतीआड, दूर सरकणे एवढेच उरते.

अग्निशमन दलाचे जवान लांबून, आडोशाने सिलिंडरच्या वरच्या भागावर पाण्याचा मारा करतात तेही कोरडे कवच थंड करण्यासाठी. पाणी पडताच वाफ उठत असेल तर पोलाद अजून तापलेले आहे. मारा थांबवल्यावर कवच ओले राहिले आणि वाफ आली नाही, तर ते निवले असे समजतात. गावातील वेल्डिंगच्या दुकानांना मात्र हा हिशेब लागू नाही. ॲसिटिलीन हा वायू तापल्यावर आतल्या आतच विघटित होऊ लागतो, आणि बाहेरची आग विझून बराच वेळ झाल्यावरही त्याचे सिलिंडर फुटू शकते. म्हणून ते थंडगार वाटले तरी तासन्‌तास पाण्याखाली ठेवून भोवतालची वस्ती रिकामी राखावी लागते.