अ‍ॅडाससाठी लाखभर जास्त मोजायचे का?

पहिली गाडी घेताय? मग शोरूममध्ये 'सर, वरच्या व्हेरियंटला अ‍ॅडास येतं' हे वाक्य तुमच्या कानावर पडणारच. काही वर्षांपूर्वी महागड्या एसयूव्हींपुरती असलेली ही सोय आता अमेझ, व्हेन्यू, सोनेटसारख्या गाड्यांच्या वरच्या व्हेरियंटमध्येही मिळते. प्रश्न एवढाच, की त्यासाठीचे जादा पैसे वसूल होतात का?

पहिली गोष्ट म्हणजे अ‍ॅडास ही एक वस्तू नाही, ते अनेक सोयींचं गाठोडं आहे. त्यातल्या दोन सोयींचा हिशेब वेगवेगळा करा. एक, ऑटोमॅटिक इमर्जन्सी ब्रेकिंग आणि दुसरी, लेन कीपिंग.

ब्रेकिंगचं गणित सोपं आहे. ताशी ६० किमी वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. तुमचं लक्ष क्षणभर हललं आणि पाय ब्रेकवर पडायला दीड सेकंद लागला, तर ब्रेक लागण्याआधीच २५ मीटर संपलेले असतात. इथे सिस्टिम आधी वाजते आणि तरीही तुम्ही काही केलं नाही, तर स्वतः ब्रेक दाबते. गाडी प्रत्येक वेळी पूर्ण थांबेलच असं नाही. पण धडक ६०ऐवजी ४०च्या वेगाने झाली, तरी आदळण्याची ऊर्जा निम्म्याहून कमी होते. अमेरिकेतल्या 'आयआयएचएस' या संस्थेच्या अभ्यासात अशा गाड्यांनी पुढच्या वाहनाला मागून धडकण्याचं प्रमाण सुमारे निम्म्याने घटलेलं दिसलं.

आता आपल्या रस्त्यांचं बघू. २०२२मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांवर माणसं गेली. त्यातले सुमारे ४४ टक्के दुचाकीवर होते, तर जवळजवळ २० टक्के पादचारी. म्हणजे ब्रेकिंग सिस्टिमने फक्त समोरची कार ओळखून भागत नाही. तिला बाइक, सायकल आणि माणूस ओळखता येतो का, हे महत्त्वाचं. याचं उत्तर ब्रोशरच्या चकचकीत पानावर सापडेलच असं नाही. ओनर्स मॅन्युअल मागा. कशासाठी आणि किती वेगापर्यंत ब्रेक लागतो, अंधारात किंवा मुसळधार पावसात काय होतं, हे त्यात लिहिलेलं असतं. काचेवरच्या कॅमेऱ्याला पाऊस, धुकं आणि समोरून येणारा प्रखर झोत जड जातो. सोबत रडार असेल तर बरं.

लेन कीपिंगचं प्रकरण वेगळं. ते रस्त्यावरचे पट्टे बघून स्टीअरिंग हलकेच वळवतं आणि बहुतेक गाड्यांत ठरावीक वेग गाठल्यावरच चालू होतं. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर पट्टे ठळक दिसतात, तिथे ते उपयोगी पडतं. पण पट्टेच पुसलेल्या रस्त्यावर त्याला धरायला काहीच नसतं. खड्डा चुकवताना तुम्ही इंडिकेटर न देता बाजूला सरकलात, तर ते उलट तुम्हालाच ओढतं. वैतागून लोक ते बंद करतात. बंद ठेवलेल्या सोयीचे पैसे तर दिलेलेच असतात.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, दोन व्हेरियंटमधला ऑन-रोड फरक १ लाख २० हजार आहे. ९ टक्क्यांनी पाच वर्षांच्या कर्जात हा फरक महिन्याला साधारण २,५०० रुपये पडतो आणि व्याज धरून दीड लाखाच्या आसपास जातो. पण एवढ्यात सनरूफ, मोठी अलॉय व्हील्स आणि ३६० डिग्री कॅमेराही येतो. यातलं तुम्ही एरवीही वेगळे पैसे देऊन घेतलं असतं ते वजा करा. समजा, कॅमेरा हवाच होता आणि तो तुमच्या लेखी २० हजारांचा, तर अ‍ॅडासची खरी किंमत लाखभर. सनरूफ नको असेल, तर तो या हिशेबात फुकट धरू नका. त्याचे पैसेही तुम्ही अ‍ॅडासपायीच भरताय.

महिन्यातून तीन-चार वेळा हायवेने गावी जाणार असाल, रात्रीचा प्रवास असेल आणि मॅन्युअल बाइक-पादचारी ओळखण्याची हमी देत असेल, तर हे लाखभर रुपये पटण्यासारखे आहेत. गाडी मुख्यतः शहरातल्या ट्रॅफिकमध्ये चालणार असेल, तर लेन कीपिंगसाठी एक रुपयाही जास्त धरू नका. किंमत फक्त ब्रेकिंगची करा. आणि खालच्या व्हेरियंटमध्ये सहा एअरबॅग, ईएससी नसतील, तर आधी ते ज्यात आहे त्या व्हेरियंटवर जा. अ‍ॅडासचा नंबर त्यानंतर.

शेवटचं, टेस्ट ड्राइव्ह हायवेवर मागा. पट्टे नसलेल्या तुकड्यावर स्टीअरिंग काय करतं, कट मारणाऱ्या बाइकला बघून गाडी उगाच झटका देते का, हे पाहा. उगाच लागलेला ब्रेक मागच्या ट्रकसाठी आमंत्रण ठरू शकतो. आणि पुढची काच फुटली, तर नव्या काचेसोबत कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन करावं लागतं. त्याचा खर्च किती आणि विमा तो देतो का, हे सही करण्याआधी विचारून घ्या.