लग्नाची तारीख कोणती टाकू?

रात्री साडेअकराला मैत्रिणीचा फोन. ती हिंजवडीत, तो सोलापुरात, लग्न 30 नोव्हेंबर 2025चं, सोलापुरातच. कार्यालय बुक, पत्रिका छापून तयार. प्रश्न एकच होता. ‘अगं, त्याला कंपनी जानेवारीत लंडनला पाठवतेय. माझ्या डिपेंडंट व्हिसाला मॅरेज सर्टिफिकेट लागणार. मग लग्नाआधीच ऑनलाइन फॉर्म भरून टाकू का? तारीख ऑक्टोबरमधली टाकते. तीन मित्र साक्षीदार म्हणून तयार आहेत. एक भटजीसुद्धा सही द्यायला तयार आहे.’

भटजी तयार आहे म्हटल्यावर माझी झोपच उडाली.

बॉस, आपल्या पिढीचा घोटाळा इथेच होतो. जिम, बँक, गॅस, सगळं ऑनलाइन. त्यामुळे हासुद्धा आणखी एक फॉर्म वाटतो. पण महाराष्ट्रात लग्नाचे फॉर्म दोन जातीचे आहेत आणि स्क्रीनवर ते सख्ख्या भावांसारखे दिसतात. पहिला नोंदणीचा. तो राज्याच्या 1998च्या कायद्याखाली शहरात महापालिकेकडे आणि गावात ग्रामपंचायतीकडे जातो. त्यात तुम्ही सांगता की आमचं लग्न अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, अमुक विधीने झालं. म्हणजे भूतकाळ! दुसरा विशेष विवाह कायद्याखालचा, 1954चा, ज्याला आपण कोर्ट मॅरेज म्हणतो. (कोर्टाचा त्यात काही संबंध नसतो, दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात विवाह अधिकारी बसतो.) त्यात तुम्ही सांगता की आम्हाला लग्न करायचं आहे. भविष्यकाळ! मैत्रीण भूतकाळाच्या फॉर्ममध्ये भविष्यकाळ भरायला निघाली होती.

त्यात काय एवढं, असं तिचं म्हणणं. मग मी तिला 2024ची गोष्ट सांगितली. डॉली रानी विरुद्ध मनीषकुमार चंचल. दोघंही ट्रेन्ड कमर्शियल पायलट. जुलै 2021मध्ये त्यांनी एका संस्थेकडून लग्न झाल्याचं प्रमाणपत्र घेतलं, त्यावर उत्तर प्रदेशात नोंदणीही करून घेतली. खरे विधी मात्र पुढे ऑक्टोबर 2022मध्ये करायचे ठरले होते. त्याआधीच दोघांचं फिसकटलं आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. एप्रिल 2024मध्ये कोर्टाने सांगितलं की हिंदू विवाह कायद्यानुसार विधीच झाले नसतील तर लग्नच झालेलं नाही आणि त्या सर्टिफिकेटला काही अर्थ नाही. व्हिसासारख्या सोयीसाठी आधी नोंदणी उरकण्याच्या या पद्धतीवरही कोर्टाने बोट ठेवलं.

आता हे उलटं करून बघा. समजा फिसकटलं नाही, तरी मैत्रिणीच्या सर्टिफिकेटवर ऑक्टोबर आणि पत्रिकेवर, फोटोंवर, अख्ख्या सोलापूरच्या आठवणीत नोव्हेंबर. उद्या विमा, पेन्शन, पोटगी, कशाचाही प्रश्न आला की वकील पहिला बोट ठेवणार ते त्या तारखेवर. आणि तीन मित्रांनी न पाहिलेल्या लग्नाला ‘पाहिलं’ म्हणून सही केलेली असणार, ते वेगळंच.

साक्षीदार म्हणजे फॉर्ममधली रिकामी जागा भरणारी माणसं नव्हेत. नोंदणीच्या फॉर्ममध्ये तिघं लागतात आणि ते मांडवात हजर असलेले हवेत, कारण वाद झालाच तर ‘आम्ही तिथे होतो’ हे त्यांनाच सांगायचं असतं. म्हणून पुण्याच्या ऑफिसमधला जिगरी दोस्त, जो लग्नाला आलाच नाही, तो बाद. मामा, आत्या, शेजारचे काका चालतील. सोलापुरात राहणारे असतील तर उत्तमच, कारण ऑनलाइन भरून झालं तरी ओरिजिनल कागद आणि सह्यांसाठी माणसं समोर उभी करावी लागतात.

तसंच भटजींचं. त्यांची सही आणि ओळखपत्राची कॉपी लागते, आणि अक्षता पडल्या की ते पुढच्या मुहूर्ताला पळालेले असतात. लिंगायतांकडे स्वामी असतील, निकाह असेल तर काझी. ज्यांनी लग्न लावलं त्यांची सही मांडवातच घ्या. सोलापुरात सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाचं लग्न दरवर्षी संक्रांतीच्या सुमाराला संमती कट्ट्यावर थाटात लागतं, त्याला कुणी फॉर्म मागत नाही. आपल्याला मागतात.

मग मैत्रिणीपुढे रस्ते कोणते? एक, सरळ. 30 नोव्हेंबरला लग्न, त्याच आठवड्यात नोंदणी. कायद्याने लग्नापासून 90 दिवस मिळतात, त्यानंतर जादा फी. तिच्या बाबतीत नव्वदावा दिवस 28 फेब्रुवारी 2026, नेमका शनिवार. पण व्हिसाची घाई असणाऱ्याने तोवर थांबायचं कशाला!

दुसरा रस्ता, आधीच सर्टिफिकेट हवं असेल तर खरंच आधी लग्न करायचं. विशेष विवाह कायद्याखाली नोटीस द्यायची. दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात नोटिसीआधी सलग किमान 30 दिवस वास्तव्य हवं, म्हणजे नवरदेवाच्या जोरावर सोलापुरात चालेल. नोटीस लागली की 30 दिवस आक्षेपासाठी, आणि नोटिसीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर नवी नोटीस. तिने 1 सप्टेंबरला नोटीस दिली असती तर ऑक्टोबरात तीन साक्षीदारांसमोर सही करून कायदेशीर बायको झाली असती. मग 30 नोव्हेंबरचा मांडव म्हणजे हौस, आणि प्रत्येक कागदावर तारीख ऑक्टोबरची. पण हेही ऐका, तुमचा कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर नोटिसीची प्रत तिकडच्या ऑफिसातही लागते. घरच्यांपासून लपवून करणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं.

तिने पहिला रस्ता निवडला. (आईला दोन लग्नं समजावणं जास्त अवघड होतं म्हणे.)

मग आम्ही रविवारी बसून तिचे कागद चेक केले आणि खरी गंमत तिथे होती. नवरदेवाचं घर तेलुगू. आधारवर नाव एका स्पेलिंगने, शाळेच्या दाखल्यावर दुसऱ्या, पासपोर्टवर तिसऱ्या! लक्ष्मीचे इंग्रजीत जितके अवतार होतात तितके सोलापुरात एका गल्लीत सापडतील. व्हिसासाठी पासपोर्टचं स्पेलिंग हाच बाप, म्हणून फॉर्ममध्ये तेच टाकायचं, आणि बाकी कागदांवर फरक असेल तर ‘ही एकच व्यक्ती’ असं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवायचं. वयासाठी शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला द्या. आधार हा ओळखीचा पुरावा, जन्मतारखेचा पक्का नाही. वधूच्या नावाच्या रकान्यात लग्नाआधीचं नाव येतं. नवं आडनाव लावायचं की नाही, तो वेगळा निर्णय.

तेलुगू वळणाच्या घरांसाठी आणखी एक. मुहूर्त कधी मध्यरात्रीनंतरचा निघतो. पत्रिकेवर ‘शनिवारी रात्री’ असतं, कारण पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो. फॉर्मची तारीख मात्र रात्री बाराला बदलते, म्हणून तिथे रविवार टाकायचा.

फोटोसुद्धा नीट निवडा. स्टेजवर सोफ्यात बसून हसणारा रिसेप्शनचा नको, विधी दिसणारा हवा. हार घालताना, सप्तपदी चालताना, चेहरे स्पष्ट. मोबाइलवर काढलेला दाखल्याचा फोटो तिरका किंवा अंधुक असेल तर अर्ज परत येतो, तेव्हा सरळ स्कॅन करा आणि साइज स्क्रीनवर लिहिल्याइतकाच ठेवा.

आणि सर्टिफिकेट हातात पडण्याआधी मसुदा दाखवतात, तेव्हा मोबाइल खिशात ठेवून अक्षर अन् अक्षर वाचा. दोन्ही नावं, तारीख, ठिकाण. एकदा सही-शिक्का झाला की एक मात्रा बदलायलासुद्धा पुन्हा अर्ज.