बिल खरं, बॅच खरी, तरी माल खोटा?

‘बिल काय, संगणकावर कुणीही तयार करेल.’ ऑनलाइन बाजारात माल विकणाऱ्या छोट्या दुकानदारावर नकली मालाचा ठपका आला आणि त्याने पुरवठादाराची बिलं पुढे केली, की हे वाक्य हमखास ऐकू येतं. बाजार चालवणाऱ्या कंपनीतले लोक ते म्हणतात, ब्रँडचे प्रतिनिधी म्हणतात, त्याच गल्लीतले व्यापारीही म्हणतात. छोट्या व्यापाऱ्यांचे हिशेब आणि जीएसटीची विवरणपत्रं सांभाळणं हा माझा व्यवसाय आहे, आणि हे मत मला साफ चुकीचं वाटतं. पुरवठादाराचं बिल, मालावरची बॅच आणि या दोन्हींना जोडणारा नगांचा हिशेब एकमेकांशी जुळत असतील, तर विक्रेत्याने आपल्या बाजूचं सिद्ध केलं असं मानलं पाहिजे. त्यानंतरही ज्याला माल नकली म्हणायचा आहे, त्याने पुराव्यातली कोणती कडी तुटली ते दाखवावं.

एक प्रकरण मांडतो. नावगाव काढलं आहे आणि आकडे सुटसुटीत केले आहेत. सांगली जिल्ह्यातल्या एक बाई एका नावाजलेल्या कंपनीचं सनस्क्रीन ऑनलाइन विकतात. माल पुण्याच्या घाऊक वितरकाकडून येतो, घरातल्या खोलीत राहतो आणि तिथूनच पार्सलं जातात. जूनच्या पहिल्या आठवड्यात दोन ग्राहकांनी तक्रार केली: वास वेगळा आहे, झाकण वेगळं आहे, माल नकली आहे. बाजार कंपनीने ते उत्पादन त्यांच्या खात्यावरून उतरवलं, आधीच्या विक्रीचे पैसे अडवले आणि वर्षभराची खरेदीबिलं मागवली. बाईंनी तीन बिलं पाठवली: जानेवारीचं ४८ ट्यूबचं, मार्चचं ७२ चं आणि मेचं ९६ चं. दोन दिवसांत उत्तर आलं की बिलं पडताळता येत नाहीत.

आता ‘कुणीही छापेल’ या म्हणण्याकडे वळू. साध्या पावतीपुस्तकाच्या काळात त्यात तथ्य होतं. नोंदणीकृत पुरवठादाराचं आजचं करबिल मात्र एकटं राहत नाही. वितरक महिन्याचं विक्रीचं विवरणपत्र भरतो तेव्हा बिलाचा क्रमांक, तारीख, करपात्र रक्कम आणि कर हे सगळं सरकारी पोर्टलवर जातं, आणि पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला खरेदीदाराच्या जीएसटीआर-२बी या तक्त्यात आपोआप उतरतं. त्या तक्त्यात खरेदीदार स्वतः एक ओळही घालू शकत नाही. खोटं बिल छापता येईल, पण ते इथे दिसायचं तर दुसऱ्या माणसाने आपल्या नोंदणी क्रमांकावर ती विक्री दाखवून त्यावरचा कर अंगावर घ्यावा लागेल. शिवाय बाईंनी वितरकाला दिलेले पैसे बँकेतून गेले होते आणि खातेउताऱ्यातली रक्कम बिलाशी पैशापैशाने जुळत होती.

मग पडताळणी का अडली असावी? मेचं बिल २बीत १४ जूनला येणार होतं आणि नकार १० जूनला आला. वितरकाची वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या आत असल्यामुळे त्याला ई-इन्व्हॉइस लागू नव्हतं. ते असतं तर बिलावरचा क्यूआर कोड तपासून त्याच दिवशी खात्री पटली असती. म्हणजे बिलात खोट नव्हती, तारीख उजाडायची होती. पुरवठादाराने विवरणपत्र उशिरा भरलं तर बिल आणखी पुढच्या महिन्यात दिसतं. दिसलेली नोंद बाजूचा पुरावा ठरते. न दिसलेली नोंद विरुद्धचा पुरावा ठरत नाही. हा फरक तपासणाऱ्याला कळलाच पाहिजे, कारण त्याच्या नकाराने एका घराची मिळकत थांबते.

याहून वजनदार आक्षेप दुसरा आहे, आणि तो मी गंभीरपणे घेतो. बिल खरं असेल, पण घरी आलेला खरा माल आणि ग्राहकाला गेलेली ट्यूब एकच कशावरून? दहा नग खरे घ्यायचे, नव्वद नकली मिसळायचे आणि दहाचं बिल दाखवायचं, अशी लबाडी बाजारात चालते. २बीत तर मालाचं नावही नसतं, फक्त रकमा असतात. इथे एकटं बिल अपुरं पडतं हे मान्य केलंच पाहिजे. म्हणून बॅच लागते.

सौंदर्यप्रसाधनाच्या लेबलवर बॅच क्रमांक, उत्पादन परवान्याचा क्रमांक आणि वापराची मुदत छापणं २०२० च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. ट्यूबच्या दाबून बंद केलेल्या टोकावर आणि खोक्यावर बॅच सहसा दोन्हीकडे असते. दोन्ही एकच असायला हवी. पण करबिलात काय काय असावं हे सांगणारा जीएसटीचा ४६ वा नियम बॅच मागत नाही. काही घाऊक विक्रेत्यांच्या बिलांवर ती छापून येते, काहींच्या येत नाही. बाईंच्या जानेवारी आणि मेच्या बिलांवर बॅच होती, मार्चच्या नव्हती. मार्चसाठी वितरकाने सहीशिक्क्याचं पत्र दिलं, आणि सोबत कंपनीकडून त्याला आलेल्या बिलाची प्रत, ज्यावर तीच बॅच होती. आरोपानंतर लिहून घेतलेल्या नुसत्या पत्राला मी फार महत्त्व देणार नाही. आरोपाच्या आधीच्या तारखेचा, वितरकाच्या वरच्या पायरीवरचा कागद मात्र वजनदार असतो, आणि तो मागायला संकोच करू नये. वितरकाला आपला खरेदीभाव झाकायचा असेल तर तेवढाच झाकावा, आणि तसं केल्याचं कळवावं. बाकी बिलाला हात लावू नये. कापलेली किंवा सुधारलेली प्रत खरी असूनही संशय ओढवून घेते.

यावर कुणी म्हणेल, नकली माल बनवणारा खरी बॅचही छापू शकतो. शकतो. म्हणूनच ‘हा बॅच क्रमांक आमचाच आहे’ असं कंपनीच्या ग्राहकसेवेने कळवलं तरी तेवढ्याने काम भागत नाही. त्यातून ती बॅच निघाली होती एवढंच कळतं; हातातली ट्यूब त्याच बॅचची आहे हे कळत नाही. तिथे नगांचा हिशेब कामाला येतो, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा निकाल याच हिशेबात आहे.

बाईंनी एकूण २१६ ट्यूब घेतल्या. बाजार कंपनीच्याच अहवालानुसार १७१ विकल्या आणि ६ परत आल्या. म्हणजे घरात ५१ असायला हव्यात. मोजल्या तर ५१ भरल्या. नकली माल मिसळणाऱ्याचा हा मेळ बसत नाही. त्याची विक्री खरेदीपेक्षा जास्त निघते, किंवा खरे नग शिल्लक पडून राहतात आणि साठा फुगतो. दोन्ही टाळायचं तर खरा माल बिलाशिवाय दुसरीकडे खपवावा लागेल. ते अशक्य नाही. पण तसा आरोप करायचा असेल तर आरोप करणाऱ्याने त्याचा निदान एक तरी धागा दाखवायला हवा.

परत आलेल्या सहा नगांकडेही नीट पाहू, कारण प्रामाणिक विक्रेत्याच्या घरात नकली वस्तू शिरते ती बहुधा याच दाराने. ग्राहक खरी ट्यूब ठेवून दुसरीच परत पाठवू शकतो. बाईंनी प्रत्येक परतीची बॅच वहीत उतरवली होती. चार ट्यूब सीलबंद होत्या आणि पाठवलेल्या बॅचच्याच होत्या, म्हणून त्या विक्रीत घेतल्या. दोन उघडलेल्या होत्या, त्या बाजूला ठेवल्या. ही वही नसती तर ५१ चा आकडा जुळूनही एक फट उरली असती. आणखी एक मर्यादा सांगतो: माल बाजार कंपनीच्या गोदामात इतर विक्रेत्यांच्या मालात मिसळून ठेवला जात असेल, तर विक्रेत्याचे कागद फक्त त्याने काय जमा केलं ते सिद्ध करतात. ग्राहकाला कुणाचा नग गेला याचं उत्तर गोदामवाल्याने द्यायचं असतं.

राहिला वास आणि झाकण. तक्रारीसोबत ग्राहकाने टाकलेला फोटो मोठा करून पाहिला, तेव्हा ट्यूबच्या टोकावर मेच्या बिलातली बॅच स्पष्ट वाचता आली. त्या बॅचपासून कंपनीने झाकण आणि सुगंध बदलला होता. घरात शिल्लक असलेल्या मार्चच्या आणि मेच्या ट्यूब शेजारी ठेवल्यावर फरक दिसत होता. ग्राहक खोटं बोलला नाही. त्याला बदल जाणवला आणि त्याने त्याचा अर्थ नकली असा लावला. तक्रार प्रामाणिक असणं आणि आरोप खरा असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

अनेकदा ब्रँडकडून तिसरंच म्हणणं येतं: हा विक्रेता आमचा अधिकृत नाही, म्हणून माल नकली. हे मला सर्वांत अन्यायाचं वाटतं. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याचं ३० वं कलम सांगतं की मालकाने बाजारात आणलेला अस्सल माल कायदेशीरपणे विकत घेणाऱ्याने पुढे विकला, तर तेवढ्यावरून ट्रेडमार्कचा भंग होत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१२ मध्ये कपिल वाधवा विरुद्ध सॅमसंग या खटल्यात परदेशातून आणलेल्या अस्सल मालालाही हे तत्त्व लावलं. अपवाद आहे तो मालाची स्थिती बदलली वा बिघडली असेल तर. म्हणून विक्रेत्याने खोकं बदलू नये, सील उघडू नये. बाजार कंपनी आपल्या करारानुसार फक्त अधिकृत विक्रेत्यांना जागा देऊ शकेल. पण मग तिने तसं सांगावं, नकलीचा शिक्का मारू नये.

फौजदारी बाजूलाही कायदा माल कुठून आला हेच विचारतो. त्याच कायद्याचं १०४ वं कलम खोट्या चिन्हाचा माल विकणाऱ्याला किमान सहा महिने कैद सांगतं, पण ज्याने वाजवी काळजी घेतली होती आणि ज्याला संशयाचं कारण नव्हतं, किंवा माल कुणाकडून घेतला याची आपल्याजवळची सगळी माहिती ज्याने मागताच दिली, त्याला वगळतं. माल खोटा निघाला तरी ज्या माहितीला कायदा एवढी किंमत देतो, ती खऱ्या मालाच्या बाबतीत वाचण्याआधीच नाकारणं समर्थनीय नाही.

बाईंच्या बाबतीत १४ जूननंतर २बीचा उतारा, बँकेची नोंद, तीन बिलं, बॅचचा तक्ता आणि ५१ ट्यूबचा हिशेब एका पानाच्या पत्रासोबत पुन्हा पाठवला. उत्पादन परत लागलं, पैसे सुटले. आधीचा नकार कशामुळे होता, ते कंपनीने कधीच कळवलं नाही.

विक्रेत्यांना माझं सांगणं एवढंच की माल उतरवतानाच बॅच वहीत लिहा, वितरकाला ती बिलावर छापायला सांगा आणि परतीचा प्रत्येक नग तपासल्याशिवाय साठ्यात घेऊ नका. आणि बाजार कंपन्यांकडे मागणी ही की बिल नाकारताना ते वितरकाच्या तपशिलात अडलं, रकमेत अडलं, बॅचमध्ये अडलं की नगांत, हे एका ओळीत लेखी कळवा.