एजंटाला आठवण करून देताना

‘दरडावल्याशिवाय विमा एजंट हलत नाही’ हा सल्ला आपल्याकडे घरात कुणी गेलं की दहाव्याच्या आधीच मिळतो. दुसरा सल्ला याच्या नेमका उलट असतो. ‘तो आपला माणूस आहे, सारखं विचारलं तर त्याला अविश्वास वाटेल, गप्प राहा.’ मला दोन्ही सल्ले चुकीचे वाटतात. वारसाचे पैसे अडकतात, त्यात या दोन्ही सल्ल्यांचा हात असतो.

दरडावणारे एक गोष्ट विसरतात. दावा मंजूर करायचा अधिकार एजंटाकडे नसतो, तो कंपनीच्या दावा विभागाकडे असतो. एजंट कागद गोळा करतो, शाखेत नेतो आणि तिथं काढलेली त्रुटी आपल्याला सांगतो. त्याला कमिशन मिळतं ते हप्त्यावर. दाव्यासाठी तो मारतो त्या खेपा बहुतेक वेळा ओळखीपोटी असतात. अशा माणसावर ओरडलं, तर तो पुढच्या वेळी फोनच उचलत नाही आणि कुठला कागद कशासाठी अडला ही माहिती त्याच्यापाशीच राहते.

सांगली जिल्ह्यातल्या एका कुटुंबाचं उदाहरण माझ्या पाहण्यातलं आहे. नवरा वारला, पॉलिसीवर नामनिर्देशन बायकोचं. पॉलिसी तीन वर्षांहून बरीच जुनी होती, म्हणजे विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार तिच्या वैधतेवर कंपनी आता शंका घेऊ शकत नव्हती. दाव्याचा अर्ज, मूळ बाँड, मृत्यूचा दाखला, वारसाचं आधार आणि रद्द केलेला चेक असे सगळे कागद एजंटाला दिले होते. तरी काहीच घडेना. दिराने फोनवर आवाज चढवला आणि एजंट गप्प झाला. मग त्या बाईंनी स्वतः निरोप लिहिला.

‘भाऊ, नमस्कार. यांच्या पॉलिसीचे पाच कागद तुमच्याकडे दिले आहेत, यादी खाली लिहिली आहे. यातले शाखेत कुठले जमा झाले? जमा झाले असतील तर शिक्का मारलेल्या पोचेचा फोटो पाठवाल का? काही अडलं असेल तर सांगा, मी आणून देते. गुरुवारी मी सांगलीला येणार आहे, तुम्हाला जमत असेल तर शाखेत बरोबरच जाऊ.’

उत्तर त्याच संध्याकाळी आलं. पॉलिसीवर नाव दत्तात्रय होतं आणि दाखल्यावर दत्ता. शाखेतल्या बाबूने तोंडीच सांगून फाइल परत दिली होती, आणि शिव्या बसतील म्हणून एजंटाने ते घरी सांगितलंच नव्हतं. दाखल्यातल्या नावाची दुरुस्ती १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ खाली, जिथं मृत्यूची नोंद झाली तिथंच होते. या बाईंच्या बाबतीत ते ठिकाण गावची ग्रामपंचायत होतं. हे काम एजंटाचं नव्हतंच, घरच्यांचं होतं. मधले आठवडे मात्र त्याच्यावर चिडण्यात गेले.

निरोप मऊ होता म्हणून काम झालं, असं मी म्हणत नाही. त्यात यादी होती, पोच मागितली होती, दिवस ठरवला होता आणि आपल्या बाजूचं काम करायची तयारी होती. सौजन्यामुळे एजंटाला अडचण सांगता आली आणि नेमकेपणामुळे ती टाळता आली नाही.

आता गप्प बसायला सांगणाऱ्यांकडे वळतो. कागद एजंटाच्या बॅगेत आहेत, तोवर कंपनीच्या लेखी दावा आलेलाच नसतो. विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमांनुसार चौकशीची गरज नसलेला मृत्युदावा १५ दिवसांत आणि चौकशी लागणारा ४५ दिवसांत निकाली काढायचा असतो. पण हे दिवस कंपनीच्या दप्तरी नोंद झाल्यावरच धावतात. संकोचापोटी पोच मागायची राहिली, तर मुदतीचं हे संरक्षण आपणच बाजूला ठेवतो. पोच मागण्यात एजंटाचा अपमान नाही. उद्या शाखेने कागद मिळालेच नाहीत म्हटलं, तर तीच पोच त्यालाही वाचवते.

सहकार्यालाही सीमा हवी. दोन लेखी आठवणींनंतरही पोच मिळाली नाही, तर वारसाने मूळ कागद परत मागून स्वतः शाखेत जावं. दावा दाखल करायला एजंट लागत नाही. शाखेने कागद घेऊनही दाद दिली नाही, तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार द्यावी. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथं फी लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात. एजंटाला पाठवलेले निरोप जपून ठेवावेत, पण लोकपालाला आधी पाहायचा असतो तो कंपनीला दिलेला तक्रार अर्ज. म्हणून त्या अर्जाच्या प्रतीवरही शाखेचा शिक्का घेऊनच बाहेर पडावं.