प्रत्येक माप पास, तरी शेवटचा बोल्ट का बसत नाही?

व्हिडिओमध्ये ड्रॉइंग दाखवलं, पण हिशोब घाईत झाला. तो इथे नीट मांडतो. कागद-पेन घेऊन बसा.

तळ्यात किंवा आसपास कुणी छोटं मशीन शॉप टाकलं, तर सुरुवातीची कामं बहुतेक रोहा-धाटाव, विळे-भागाड, महाड या एमआयडीसींतूनच येणार. ब्रॅकेट, बेस प्लेट, पट्टी, कव्हर. काम सोपं दिसतं म्हणून आपण ड्रॉइंगवरचे आकडे बघतो आणि रेट देऊन टाकतो. आकडा किती आहे हे सगळेच बघतात. तो कुठून मोजला आहे, हे फार कमी जण बघतात. माझ्या मते पैसे बुडतात ते इथे.

समजा, 240 मिलिमीटर लांबीची पट्टी आहे. डाव्या टोकापासून 20 वर डॉवेल पिनचं भोक, आणि त्यापुढे 50-50 च्या अंतराने चार भोकं, प्रत्येक 9 मिलिमीटरचं. ही पट्टी एका फ्रेमवर बसते. फ्रेममध्ये तशीच एक पिन आणि एम-8 चे चार टॅप आहेत. बोल्ट 8 चा, भोक 9 चं. म्हणजे भोक टॅपच्या मधोमध आलं, तर बोल्टला सगळीकडून अर्धा मिलिमीटर जागा मिळते. पिनमुळे पट्टी सरकवता येत नाही, तेव्हा भोक आणि टॅप यांच्यात 0.5 पेक्षा जास्त फरक पडला की बोल्ट अडला.

ड्रॉइंगवाल्याने मापं साखळीने दिली आहेत: पिनपासून पहिलं भोक 50, पहिल्यापासून दुसरं 50, दुसऱ्यापासून तिसरं 50, असं. प्रत्येकाला टॉलरन्स ±0.1. यालाच चेन डायमेन्शनिंग म्हणतात. आता मोजा. पहिलं भोक पिनपासून 0.1 ने चुकू शकतं, दुसरं 0.2 ने, तिसरं 0.3 ने आणि चौथं 0.4 ने. फ्रेमचं ड्रॉइंगही असंच असेल, तर तिकडेही तेवढंच, आणि उलट्या दिशेने. चौथ्या भोकाला 0.4 अधिक 0.4, म्हणजे 0.8 चा फरक. जागा फक्त 0.5. तिसऱ्यालाही 0.6 होतात. म्हणून साइटवर हमखास ऐकू येतं, 'पहिले दोन बोल्ट हाताने गेले, तिसरा कुरकुरला, चौथा जाईचना.' मग कुणीतरी गोल फाइल घेऊन भोक लांबट करतो.

काही जण म्हणतात, अहो, एक प्लस जाईल, एक मायनस जाईल, शेवटी जुळतं. मोठ्या लॉटमध्ये, चुका खरोखर इकडे-तिकडे विखुरलेल्या असतील तर हे बरंचसं खरं आहे. पण तुमच्या शॉपमध्ये काय होतं? डिव्हायडर एकदा 50 ला लावतात आणि पंचावरून पंचावर पावलं टाकत जातात. डिव्हायडर 50.1 ला लागला असेल, तर प्रत्येक पाऊल त्याच बाजूला 0.1 ने लांब पडतं. तिथे काही कटत नाही, फक्त साठत जातं. वीस-पंचवीस नगांच्या ऑर्डरला मी तरी सगळ्यात वाईट धरूनच हिशोब करेन.

आता तीच पट्टी, पण सगळी मापं पिनच्या भोकापासून: 50, 100, 150, 200. प्रत्येकाला तोच ±0.1. हे बेसलाइन डायमेन्शनिंग. आयटीआय केलेल्यांना ते पॅरलल डायमेन्शनिंग या नावाने आठवेल. चौथं भोक आता पिनपासून फार तर 0.1 ने चुकेल, फ्रेमचा टॅप 0.1 ने, मिळून 0.2. बोल्ट आरामात जातो.

धंद्याची गोष्ट यापुढे आहे. 0.5 ची जागा असताना आपण 0.2 च वापरतोय. म्हणजे बेसलाइनमध्ये टॉलरन्स ±0.2 केला तरी दोन्ही मिळून 0.4 होतात, बोल्ट बसतोच. साखळीत मात्र चौथा बोल्ट नक्की बसवायचा असेल, तर पट्टीची चार आणि फ्रेमची चार अशा आठ मापांमध्ये 0.5 वाटायचे. प्रत्येकाला जेमतेम ±0.06. तेच काम, तोच बोल्ट. एका ड्रॉइंगला तीनपटीहून जास्त कडक टॉलरन्स सांभाळायचा, दुसऱ्याला सरफेस प्लेट, हाइट गेज आणि नीट मारलेला पंच यांच्यावर निभावण्याची शक्यता. रेटमध्ये हा फरक धरला नाही, तर तो तुमच्या खिशातून जातो.

बेसलाइन घेतली की झालं, असंही नाही. ती कुठून घेतली हे बघा. हीच मापं पट्टीच्या टोकापासून दिली, पिन 20 वर, शेवटचं भोक 220 वर, आणि टॉलरन्स ±0.2 ठेवला, तर पिन आणि शेवटचं भोक यांच्यातच ±0.4 चा खेळ येतो. फ्रेमही तशीच मोजली असेल तर पुन्हा 0.8, म्हणजे जिथून निघालो तिथेच. असेंब्लीत पट्टीचं टोक कशालाच टेकत नाही, तिला जागेवर धरते ती पिन. जो भाग पार्टला जागेवर धरतो, मापं तिथून निघाली पाहिजेत.

आणि साखळी वाईट आहे असंही मी म्हणणार नाही. समजा, याच पट्टीवर बाजारातून आणलेला एक बेअरिंग ब्लॉक बसवायचा आहे. त्याच्या दोन भोकांमध्ये 40 चं अंतर हवं, ±0.1 मध्ये. तिथे पिनपासून 80 ±0.1 आणि 120 ±0.1 दिलंत, तर मधलं अंतर ±0.2 ने हलेल, आणि ब्लॉक अडेल. तिथे पहिलं भोक पिनपासून द्या आणि दुसरं त्या पहिल्यापासून 40 ±0.1. ज्या दोन गोष्टी एकमेकींशी जुळायच्या आहेत, त्यांच्यामधलं माप थेट द्या. बाकी सगळं बेसलाइनने.

आता तपासणी. ही चूक शॉपमध्ये का सापडत नाही? कारण बहुतेकांकडे 150 चा व्हर्नियर असतो. त्याने शेजारची दोन भोकं मोजली जातात, ती सगळी पास होतात, आणि 200 चं अंतर कुणी मोजतच नाही. 300 चा व्हर्नियर घ्या. पिनचं भोक आणि शेवटचं भोक यांच्या आतल्या कडांमधलं अंतर मोजा, मग बाहेरच्या कडांमधलं, दोन्हींची बेरीज करून अर्धी करा. भोकं वेगवेगळ्या साइजची असली तरी केंद्रापासून केंद्राचं अंतर मिळतं.

साखळीचं ड्रॉइंग असूनही माल वर्षानुवर्षं चालतो, असंही होतं. आधीचा सप्लायर सीएनसीवर G90 मध्ये, म्हणजे एकाच झिरोपासून, भोकं पाडत असतो. चूक साठतच नाही, त्यामुळे ड्रॉइंगमधला दोष कुणाला कळत नाही. मग तेच काम स्वस्तात तुमच्या ड्रिल मशीनवर येतं आणि पहिल्याच लॉटला बोल्ट अडतात. ड्रॉइंगप्रमाणे तुमचं प्रत्येक माप बरोबर आहे, तरी पेमेंट अडकतं. उलट ड्रॉइंग बेसलाइनचं असेल आणि तुम्ही पंचावरून पंचावर गेलात, तर मात्र बोलायला तोंड राहत नाही.

म्हणून कोटेशन देण्याआधी पार्टी ड्रॉइंग बदलायला तयार नसेल, तर कोटेशनमध्येच एक ओळ टाका: 'डॉवेल होल ते शेवटचं होल 200 ±0.2 धरून काम केलं जाईल, फ्रेमही याच हिशोबाने आहे का ते कळवावे.' लेखी उत्तर आलं की मगच मटेरियल कापायला घ्या.