पोटगीचा आकडा कुठून येतो?

कोल्हापुरात तलाकचा दावा चालू असलेल्या बहिणी मला विचारतात, "नवरा म्हणतो कमाईच नाही, मग पोटगी कशी मिळणार?" नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून निघालेल्या 'रजनेश विरुद्ध नेहा' खटल्यातही पती नोकरी नसल्याचेच सांगत होता. तरी पत्नीची दरमहा १५,००० रुपयांची अंतरिम पोटगी कायम राहिली. ४ नोव्हेंबर २०२० च्या त्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पती-पत्नी दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता, कर्ज आणि खर्चाचे शपथपत्र बंधनकारक केले. पगारपत्रक नसले तरी बँक खाते, गाडी, राहणीमान बोलतात. म्हणून घरभाडे, शाळेची फी, औषधे यांच्या पावत्या जपा. पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते. समेटाची वाट पाहत अर्ज लांबवला, तर तेवढे महिने बुडाले.