फोटोत पट्टे, मजकुरात घोळ

कॉलेज ऑफिसच्या कॉम्प्युटरवर नोटीस उघडलेली असते. तुम्ही मोबाइल काढता, स्क्रीनचा फोटो घेता, त्यातला मजकूर ॲपने उचलता आणि ग्रुपवर टाकता. दहा सेकंदांचं काम. फोटोत इंद्रधनुषी पट्टे आलेले असतात, पण वाचता तर येतंय, मग काय बिघडलं? बिघडतं ते पुढे. मजकूर उचलला की पट्टे गायब होतात आणि त्यांनी केलेल्या चुका तेवढ्या मागे उरतात.

आधी हे पट्टे येतात कुठून ते बघू. खिडकीच्या दोन जाळ्या एकमेकींवर धरा. दोन्हींत नसलेल्या लाटा दिसायला लागतात. याला ‘म्वारे’ म्हणतात. इथे एक जाळी स्क्रीनच्या पिक्सेलची आणि दुसरी कॅमेऱ्याच्या सेन्सरची.

साधा हिशोब करू. समजा, लॅपटॉपच्या स्क्रीनवर एका ओळीत १९२० पिक्सेल आहेत आणि ती स्क्रीन तुमच्या फोटोची अख्खी रुंदी व्यापते. फोटोची रुंदी ४००० पिक्सेल. पण सेन्सरच्या एका ओळीत लाल रंग टिपणारा पिक्सेल एकाआड एक असतो, म्हणजे २०००. २००० वजा १९२०, उरले ८०. साधारण तेवढे पट्टे फोटोत उमटू शकतात आणि प्रत्येक पट्टा ५० पिक्सेल रुंद, अर्धा उजळ, अर्धा गडद. आता स्क्रीनवर १६ पिक्सेल उंचीचं अक्षर असेल, तर फोटोत ते साधारण ३३ पिक्सेलचं होतं. पट्टा आणि अक्षर जवळपास एकाच मापाचे! खरी गोची इथेच आहे. पट्टा खूप मोठा असता तर नुसती सावली वाटली असती. अक्षराच्या मापाचा पट्टा मात्र अक्षराचाच भाग वाटू शकतो.

अक्षर ओळखण्याच्या नेहमीच्या पद्धतीत आधी ‘शाई कुठली, कागद कुठला’ हे ठरवलं जातं. ठरावीक मर्यादेपेक्षा गडद ते काळं, बाकी पांढरं. गडद पट्ट्यातली मोकळी जागा त्यामुळे काळी ठरते आणि उजळ पट्ट्यात बारीक अनुस्वार पुसला जातो.

मराठीत याचा फटका जास्त बसतो, कारण आपली काही अक्षरं शिरोरेषेतल्या छोट्याशा फटीवर उभी आहेत. ‘भ’ची फट बुजली की ‘म’, ‘ध’ची बुजली की ‘घ’. ‘शुल्क भरण्याची मुदत’ याचं ‘शुल्क मरण्याची मुदत’ व्हायला एक आडवा पट्टा पुरे. यावर ग्रुपमध्ये हशा पिकेल आणि चूक लगेच सापडेल. ‘धन’चं ‘घन’ झालं तर? दोन्ही शब्द खरे, म्हणून शब्दकोशही टोकणार नाही.

आकड्यांचं तर त्याहून अवघड. 3 ची डावी बाजू बंद झाली की 8 दिसतो. 1630 रुपये फी 1680 झाली, तर वाक्य तितकंच बरोबर वाटतं. परीक्षा क्रमांक, खाते क्रमांक, तारीख यांत शेजारच्या शब्दांवरून अंदाज बांधायची सोय नसते. तुमच्या वर्गात दृष्टिहीन मित्र असेल आणि तो हा मजकूर फोनवर ऐकत असेल, तर मूळ फोटोशी ताडून बघायचा मार्गच त्याच्याकडे नाही. त्याच्यासाठी चुकलेला आकडा हाच आकडा.

आधी पट्टे कोणत्या जातीचे ते ओळखा. फोन किंचित तिरका केला किंवा मागेपुढे नेला आणि पट्ट्यांची रुंदी, दिशा बदलली, तर तो म्वारे. फोन स्थिर असूनही जाड काळसर पट्टे सरकत असतील, तर ती स्क्रीनच्या दिव्याची लुकलुक. तिथे स्क्रीनचा ब्राइटनेस वाढवून बघा, बऱ्याचदा काम होतं.

म्वारेसाठी अंतर आणि कोन बदला. वरच्या हिशोबातली ८० ही वजाबाकी त्याने बदलते. आणखी चांगलं म्हणजे Ctrl आणि + दाबून स्क्रीनवरची अक्षरंच मोठी करा. पट्टा तेवढाच राहतो, अक्षर दुप्पट होतं आणि ‘भ’ची फटही रुंदावते. फोटो काढल्यावर फिल्टर लावून पट्टे घालवता येतात, पण ते पुसताना अक्षरांच्या बारीक रेषाही पुसट होतात. बुजलेली फट काही परत येत नाही.

कॉम्प्युटर तुमच्या हाताखाली असेल तर फोटो काढूच नका, स्क्रीनशॉट घ्या किंवा मूळ फाइल मागा. तिथे दुसरी जाळीच नाही, म्हणून पट्टेही नाहीत. आणि फोटोच काढावा लागला, तर उचललेल्या मजकुरासोबत तो फोटोही ग्रुपवर टाका. पाठवण्याआधी निदान आकडे तरी एकेक करून स्क्रीनशी ताडून घ्या.